खांदा साडेचौदा, छाती अडतीस: ब्लेझर कोणत्या साइजचा कापायचा?



मागच्या अंकात शाळेच्या गणवेशाचं कटिंग दिलं होतं. त्यानंतर तीन-चार गटांतून एकच मागणी आली, ब्लेझरचं लिहा. त्यातही एक प्रश्न सगळ्यांचा सारखाच होता. खांदा एका साइजचा येतो आणि छाती दुसऱ्या साइजची. मग कापायचं कोणत्या साइजने?

हा प्रश्न आपल्याकडे कसा आला ते आधी सांगते, कारण त्यात चूक माझी होती. आपल्या शिलाई युनिटने तालुक्याच्या एका नर्सिंग कॉलेजचे २२ ब्लेझर घेतले होते. मापाचा तक्ता मी तयार केला होता. त्यात चारच रकाने ठेवले: छाती, कंबर, उंची, बाही. छातीवरून साइज ठरवायची आणि युनिटमधल्या कागदी पॅटर्नवरून कापायचं, असं मीच सांगितलं होतं. २२ पैकी ५ ब्लेझर परत आले. पाचही मुलींची तक्रार जवळपास एकच होती. खांदा खाली पडतो, बाही लांब वाटते आणि एवढं सैल असूनही पुढून नीट बसत नाही. कापड, अस्तर, कॅनव्हास आणि बटणं मिळून एका ब्लेझरला नऊशेच्या आसपास खर्च आला होता. ५ ब्लेझरचे किती झाले ते तुम्हीच धरा. शिलाईची मजुरी वेगळी.

त्या पाचांतली एक मुलगी आपल्याच गटातल्या ताईंची. तिला पुढच्या आठवड्यात मुलाखतीला तोच ब्लेझर घालायचा होता. तिचा ब्लेझर आम्ही पुन्हा नव्याने कापला. युनिटमध्ये कटिंग करणाऱ्या ताईंनी कापला आणि मी शेजारी बसून लिहून घेतलं. तेच इथे देते आहे. मी स्वतः शिंपी नाही, पण हे सगळं माझ्यासमोर कापलेलं आणि अंगावर घालून पाहिलेलं आहे.

आधी काय चुकलं होतं

मुलीची छाती ३८ इंच भरली. माप लिहिणाऱ्या ताईंनी विचार केला, आत कुर्ता येणार, ब्लेझर जरा सैल हवा, म्हणून ४० चा पॅटर्न घेतला. इथे एकाच सैलपणाचा हिशोब दोनदा झाला. आपल्या पॅटर्नवर ३८ लिहिलेलं असतं ते अंगाचं माप. कागदात चार इंच सैलपण आधीच धरलेलं असतं. म्हणजे ३८ चा ब्लेझर शिवून झाल्यावर छातीत ४२ भरतो आणि ४० चा ४४. खात्री करायची असेल तर तुमच्या पॅटर्नचा मागचा आणि पुढचा भाग शिलाईच्या रेषेवर छातीत मोजा, दुप्पट करा आणि कागदावर लिहिलेल्या साइजशी ताडून पाहा. हे एकदा करून प्रत्येक कागदावर पेनने लिहून ठेवलं की वाद मिटतो.

पण तिला ३८ चा दिला असता तरी तो बसला नसता. आपल्या पॅटर्नचे खांदे असे आहेत: ३४ ला १४ इंच, ३६ ला १४½, ३८ ला १५ आणि ४० ला १५½. मुलीचा खांदा १४½ होता. म्हणजे खांदा ३६ चा आणि छाती ३८ ची. ४० च्या ब्लेझरमध्ये तिचा खांदा एकूण एक इंच जास्त झाला, म्हणजे दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच खाली उतरला.

खांदा उतरला की त्याच्यामागे बाकीचं सगळं बिघडतं. मोठ्या साइजचा मुंढाही खोल असतो, म्हणून मुलगी हात वर करायची तेव्हा अख्खा ब्लेझर वर यायचा. पाठ रुंद झाल्याने मागे मानेखाली आडवी घडी पडायची. शिवून झालेला खांदा बाही उसवून कमी करता येतो, तसा आम्ही एका ब्लेझरवर करूनही पाहिला. पण मागचा गळा आणि पाठ रुंदच राहिली, शिवाय कॉलर मानेपासून सुटली. म्हणून या कामात एक नियम लक्षात ठेवायचा. खांदा, गळा आणि मुंढा ज्या साइजला बरोबर बसतात तोच कागद घ्यायचा. छाती त्या कागदावर नंतर वाढवता येते. उलट केलं, म्हणजे छातीवरून कागद घेऊन खांदा कमी करायला गेलं, की गळ्यापासून मुंढ्यापर्यंत सगळंच दुरुस्त करत बसावं लागतं.

मग साइज ठरवायची कशी

यासाठी एक माप नवीन घ्यायला लागतं. त्याला आपण वरची छाती म्हणू. टेप दोन्ही बगलांतून न्यायची, पुढून छातीच्या उंचवट्याच्या वरून आणि मागून पाठीवरून आडवी. टेप घट्ट टेकलेली असावी, पण रुतायला नको. श्वास सोडल्यावर माप वाचायचं. या जागी हाडांचा सांगाडा मोजला जातो, म्हणून हे माप खांद्याशी जुळतं. छातीचं नेहमीचं माप सर्वांत भरलेल्या जागेवरून घेतो, त्यात शरीराचा उंचवटाही येतो.

आता या दोन मापांतला फरक पाहायचा. आपल्या पॅटर्नसारखे बहुतेक पॅटर्न असा फरक दोन इंचांच्या आसपास धरून बनवलेले असतात. म्हणून वरच्या छातीत २ मिळवायचे, जी साइज येईल तो कागद घ्यायचा आणि खांद्याच्या मापाने खात्री करायची. या मुलीची वरची छाती ३४ होती. ३४ अधिक २ म्हणजे ३६. खांदाही १४½, म्हणजे ३६ चाच. दोन्ही बाजूंनी एकच उत्तर आलं, म्हणून ३६ चा कागद नक्की केला. उत्तर अर्ध्या साइजने वेगळं आलं तर खांद्याचं ऐकायचं.

खांदा मोजताना दोन गोष्टी सांभाळा. मुलीला हात बाजूला आडवा उचलायला सांगा. खांद्याच्या टोकाला एक खळगा पडतो, तिथे खडूची खूण करा. मग हात खाली सोडून मागच्या बाजूने, मानेच्या मुळावरच्या मणक्यावरून, या खुणेपासून त्या खुणेपर्यंत मोजा. पदर, ओढणी, स्वेटर काढूनच मोजायचं. आणि साडीच्या ब्लाऊजवरून ब्लेझरचा खांदा घेऊ नका. ब्लाऊजचा खांदा आपण आतच ठेवतो, तो ब्लेझरला कमी पडतो.

छाती मोजताना मुलीने मुलाखतीला जे आतले कपडे घालायचे तेच घातलेले असू देत. हे सांगायला आपल्याला संकोच वाटतो, पण नुसती ब्रा बदलली तरी मापात आणि छातीच्या उंचवट्याच्या जागेत फरक पडतो. सांगून टाकलेलं बरं.

कागदावर छाती वाढवणं

ब्लेझर प्रिन्सेस कटचा होता. म्हणजे पुढच्या प्रत्येक बाजूला दोन भाग: बटणाकडचा मधला भाग आणि बगलेकडचा बाजूचा भाग. मुंढ्यापासून निघून छातीवरून खाली जाणाऱ्या शिलाईने हे दोन जोडले जातात. वाढ याच शिलाईत द्यायची. पाठीत काहीही वाढवायचं नाही, कारण पाठ ३६ च्या कागदाला बरोबर बसते. जास्तीचे दोन इंच पुढच्या उंचवट्याचे आहेत. ४० च्या कागदात हीच गोष्ट चुकली होती. त्याने वाढ पाठीलाही दिली, जिथे ती नको होती.

आधी लांबी, मग रुंदी. हा क्रम सोडू नका. उंचवटा जास्त असला की कापडाला त्याच्यावरून चढून उतरायला लांबीही जास्त लागते. नुसती रुंदी दिली आणि लांबी दिली नाही तर ब्लेझरची पुढची कड वर उचलते, मागची खाली राहते आणि बटण लावल्यावर खालची दोन्ही टोकं उलट्या व्हीसारखी फाकतात. परत आलेल्या ब्लेझरपैकी दोनांचं असंच होतं आणि आम्ही ते कंबर घट्ट झाल्याने झालं असं समजत होतो.

लांबीसाठी मानेच्या बाजूला, खांद्याची शिलाई जिथे सुरू होते तिथून, छातीच्या सर्वांत उंच जागेवरून खाली कमरेपर्यंत मोजायचं. कमर कुठे ते कळत नसेल तर पोटावर नाडी बांधून मुलीला बाजूला वाकायला सांगा, नाडी आपोआप कमरेवर बसते. मुलीचं हे माप १७¾ आलं. कागदावर तेच १७ होतं. मानेपासून छातीच्या उंच जागेपर्यंत तिचं १०½, कागदावर ९¾. म्हणजे दोन्ही ठिकाणी पाऊण इंच कमी. याचा अर्थ पाऊण इंच छातीच्या वरच्या भागातच हवा आहे.

मधल्या भागाच्या कागदावर, मुंढ्याच्या खाली आणि छातीच्या खुणेच्या वर, आडवी रेघ मारून कागद पूर्ण कापला. दोन तुकड्यांमध्ये सगळीकडे पाऊण इंच अंतर ठेवून मागून दुसरा कागद चिकटवला. बाजूच्या भागावर तीच रेघ प्रिन्सेस शिलाईकडून सुरू केली, पण बगलेकडच्या शिलाईजवळ कागद पूर्ण कापला नाही, टोकाला जोडलेला ठेवला. मग शिलाईकडे पाऊण इंच उघडलं आणि बगलेकडे शून्य. मुंढ्याला कात्री लागली नाही हे महत्त्वाचं. लॅपलची घडीची रेघ मोडते, ती पट्टी लावून नव्याने सरळ मारायची. आतली पट्टी, म्हणजे फेसिंग, नव्या कागदावरूनच कापायची. जुनी फेसिंग लावली तर पाऊण इंच कमी पडते आणि ते शिवताना कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

आता रुंदी. हवे होते एकूण दोन इंच, ३८ वजा ३६. पुढच्या बाजू दोन, म्हणून प्रत्येकीला एक इंच. आणि प्रत्येक बाजूच्या शिलाईला दोन कडा, म्हणून प्रत्येक कडेला अर्धा इंच. छातीच्या नव्या खुणेवर मधल्या भागाच्या कडेबाहेर अर्धा इंच आणि बाजूच्या भागाच्या कडेबाहेर अर्धा इंच खूण केली. मग मुंढ्यापाशी शून्यापासून सुरू करून, खुणेवर अर्धा इंच घेऊन, कमरेपाशी पुन्हा शून्यावर गोलाईने मिळवलं. मुलीची कंबर कागदाला जुळत होती, म्हणून शून्य. तुमच्या मुलीला कमरेत वाढ हवी असेल तर ती बगलेच्या शिलाईत द्या. गोलाई हळूच यायला हवी. छातीच्या खुणेवर टोक काढलं तर शिवल्यावर तिथे सुईसारखा उंचवटा दिसतो, तो इस्त्रीने जात नाही.

दोन्ही कडा शेवटी टेपने शिलाईच्या रेषेवर मोजून पाहायच्या. बाजूचा भाग जास्त गोल झाल्याने तो पाव इंचापर्यंत लांब भरला तर चालतं. छातीच्या खुणेच्या वर-खाली दीड दीड इंचात तेवढं हलकं चुरगाळून बसवता येतं. त्याहून जास्त फरक आला तर कुठेतरी चूक आहे, थांबून परत मोजा.

ही सोपी पद्धत एका बाजूला एक इंचापर्यंतच वापरा. वाढ त्याहून जास्त हवी असेल तर कडेला जोडत गेल्याने शिलाई छातीच्या जागेवरून सरकते आणि आकार विचित्र होतो. तेव्हा बाजूच्या भागाचा कागद उभा कापून उघडायला लागतो. ते समोर बसूनच शिकलेलं बरं, युनिटमध्ये या.

उलटी गोष्टही येते. परत आलेल्या पाचांपैकी एकीचा खांदा १५½ आणि छाती ३६ होती. वरची छाती तिची ३५½ भरली, म्हणजे फरक फक्त अर्धा इंच. तिला ३६ च्या ब्लेझरमध्ये हात पुढे घेता येत नव्हता, पाठ तटतटायची. तिला खांद्याने ४० चा कागद बसत होता, वरच्या छातीने ३८ चा. इथे खांद्याचं ऐकलं तरी ४० चा मुंढा तिला खोल पडला असता, म्हणून ३८ चा कागद घेऊन फक्त खांद्याच्या टोकाला दोन्हीकडे पाव पाव इंच बाहेर काढलं आणि प्रिन्सेस शिलाईत छातीवर प्रत्येक कडेला अर्धा इंच आत घेतलं. तिलाही नीट बसला.

मांजरपाटावर एकदा पाहा

सुटिंगवर कात्री लावायच्या आधी मांजरपाटाचा किंवा जुन्या चादरीचा पुढचा आणि मागचा भाग, एक बाही, एवढंच मोठ्या टाक्यांनी जोडून अंगावर घाला. कॉलर, खिसा, अस्तर काही नको. खांद्याला पॅड लावणार असाल तर ते मात्र आत ठेवा, कारण अर्ध्या इंचाचं पॅडही खांदा वर उचलतं आणि मुंढ्यातली जागा खातं.

पुढच्या मध्यरेषा एकमेकींवर ठेवून बटणाच्या जागी टाचणी लावा. टाचणीपासून तिरप्या सुरकुत्या छातीकडे गेल्या तर रुंदी अजून कमी आहे. बंद जागेखाली हाताचा सपाट पंजा सहज सरकायला हवा. पूर्ण मूठ मावली तर जास्त सैल आहे. मग मुलीला हात पुढे जोडायला लावा, खुर्चीवर बसवा आणि परत पाहा. मुलाखतीत बसायचंच असतं.

बटण कुठे

छातीत जागा कमी पडली की बटण अर्धा इंच कडेकडे सरकवायचं, ही आपली जुनी सवय. त्याने अर्धा इंच मिळतो, पण दोन्ही बाजूंच्या मध्यरेषा एकमेकींवर येत नाहीत आणि लॅपल एका बाजूला कलतात. जागा प्रिन्सेस शिलाईतच द्यायची आणि बटण मध्यरेषेवरच राहू द्यायचं.

राहिली उंची. कागदावर दोन बटणं मानेपासून १३ आणि १७ इंचांवर होती. पाऊण इंच लांबी दिल्याने ती आपोआप १३¾ आणि १७¾ वर आली. मांजरपाटावर १३¾ ला टाचणी लावून पाहिली तर वरचा लॅपल बाहेर फुगला. छाती भरलेली असली की उंचवट्याच्या लगेच खाली, जिथे शरीर आत वळतं, तिथे कापड ओढलं जातं आणि वरची कड सुटी पडून फुगते. बटण खाली नेलं की लॅपल लांब होतो आणि छातीवरून सरळ उतरतो. टाचणी अर्धा अर्धा इंच खाली नेत गेलो. १६¼ ला लॅपल सपाट बसला. म्हणजे कमरेच्या दीड इंच वर. दुसरं बटण त्याच्याखाली चार इंचांवर, २०¼ ला. खिशाची वरची कडही त्याच ओळीत घेतली, डोळ्याला बरं दिसतं.

सगळ्या मुलींचे ब्लेझर एकसारखे दिसायला हवेत अशी अट असते, तेव्हा मानेपासूनचे इंच सारखे ठेवू नका. प्रत्येकीच्या कमरेच्या दीड इंच वर हा नियम ठेवा. ओळीत उभ्या राहिल्या की सारख्याच दिसतात. छाती कमी असलेल्या मुलीला वरचं बटण एक-दोन इंच वर असलं तरी चालतं, पण तिचाही लॅपल टाचणी लावून पाहाच. घडीची रेघ वरच्या बटणाच्या अर्धा इंच वर संपवायची.

काजं ट्रायलनंतरच पाडा. बायकांच्या ब्लेझरला काजं घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला येतात. घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला म्हणते आहे, टेबलावर उताणं ठेवल्यावर आपल्या उजव्या बाजूला नव्हे. यात आपल्याकडे एकदा सहा ब्लेझर उलटे झाले आहेत. काज आडवं, मध्यरेषेपासून कडेच्या दिशेने एक अष्टमांश इंच बाहेर सुरू होऊन आत जाणारं. बटण बंद केल्यावर काजाच्या टोकाशी ओढलं जातं, म्हणून एवढं बाहेर. पाऊण इंची बटणाला काज साधारण ⅞ इंच लागतं. बटण जाड असेल तर चिंधीवर एक काज पाडून बटण घालून पाहा.

बाही

४० च्या ब्लेझरमध्ये मुलीची बाही दीड इंच लांब दिसत होती. सगळ्यांनी खालून दुमडा म्हटलं. खालून दुमडली तेव्हा मनगटावरची शोभेची बटणं कडेला आली आणि मोहरी बांगडीत अडकली. त्या दीड इंचातला अर्धा इंच बाहीचा नव्हताच, उतरलेल्या खांद्याचा होता. म्हणून बाहीची लांबी खांदा बरोबर बसल्यावरच पाहायची.

बाही मोजताना हात कोपरात थोडा वाकवून खांद्याच्या खुणेपासून कोपराच्या टोकावरून मनगटाच्या हाडापर्यंत टेप न्यायची. सरळ हातावर मोजलं तर हात वाकवल्यावर बाही वर चढते. मुलीचं माप २२½ आलं. ३६ च्या कागदावर २३ होती. ती खालून कापली नाही. कोपराच्या वर पाव इंच आणि कोपराच्या खाली पाव इंच आडवी घडी घालून कागद लहान केला. त्यामुळे कोपराचा वळसा कोपरावर राहिला आणि मोहरीची रुंदीही बदलली नाही. दुमडायला दीड इंच ठेवला. मनगटाची बटणं लांबी नक्की झाल्यावर शेवटी लावली.

मोहरी १० इंच ठेवली. मुलगी हातात घड्याळ आणि दोन बांगड्या घालते, त्यावरून सरकते. चुडा घालणाऱ्या बाईचा ब्लेझर असेल तर बांगड्यांवरून टेप फिरवून पाहा आणि त्यात एक इंच मिळवा.

बाहीचा कागद मात्र ३६ चाच. छाती वाढवली म्हणून मोठ्या साइजची बाही घ्यावी असं वाटतं, पण मुंढा ३६ चाच राहिलेला आहे. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा एक ते दीड इंचच जास्त भरायला हवा. तेवढं हलकं चुरगाळून वाफेच्या इस्त्रीने बसतं. ४० ची बाही ३६ च्या मुंढ्याला लावली की वर फ्रॉकसारखे फुगे येतात. आपल्या मुलीचा दंड १२ होता आणि ३६ ची बाही दंडात १४ भरत होती, दोन इंच मोकळी, पुरेशी होती. दंड जाड असेल आणि दोन इंच मोकळे राहत नसतील तर बाही दंडाशी वाढवायची, गोल वाढवायचा नाही.

या मुलीचा ब्लेझर दुसऱ्यांदा कापायला दोन दिवस लागले, त्यातला कागदाचा वेळ साधारण दीड तास. आता मापाच्या तक्त्यात सहा रकाने नवीन आहेत: खांदा, वरची छाती, मानेपासून छातीची उंच जागा, मानेपासून कमर, दंड आणि बांगड्यांवरून मोहरी. वरची छाती आणि छाती यांत साडेतीन इंचांहून जास्त फरक आला तर तक्त्यावर लाल खूण करायची आणि तो ब्लेझर मांजरपाटाशिवाय कापायचा नाही, असं युनिटमध्ये ठरलं आहे. अशा ब्लेझरला जादा मजुरी घ्यावी की नाही यावर एकमत झालेलं नाही. काही ताई म्हणतात, वेळ लागतो तर पैसे घ्या. काही म्हणतात, मुलीच्या अंगावरून जादा पैसे कसे मागायचे, सगळ्याच ब्लेझरच्या दरात थोडं थोडं धरा. पुढच्या मासिक बैठकीत हा विषय ठेवला आहे, तुमच्या गटाचं म्हणणं अध्यक्षांकडे लिहून पाठवा.